पहिली दहा वर्षं: परताव्याकडे नको, पगारवाढीकडे बघा

गेल्या जुलैत, विवरणपत्रं भरायच्या ऐन गर्दीत, नाशिकच्या अंबड एमआयडीसीतला एक तरुण माझ्यासमोर येऊन बसला. वय सत्तावीस, पीएफ वगैरे कापून हातात येणारा पगार ४०,००० रुपये. फॉर्म १६ पुढे सरकवण्याआधीच त्याने मोबाईल माझ्यासमोर धरला. गुंतवणुकीच्या ॲपवर हिरव्या अक्षरांत एक्सआयआरआर, म्हणजे हप्त्यांच्या तारखा धरून काढलेला वार्षिक परतावा, दिसत होता, १५.८ टक्के. तो आकडा त्याने कमावला होता, रात्री जागून व्हिडिओ बघून, फंडांची तुलना करून. तीन वर्षांत त्याने चार वेळा फंड बदलला होता.

मी खालचा आकडा बघितला. एकूण रक्कम होती १ लाख ८२ हजार. "महिन्याला किती टाकतोस?" चार हजार. "सुरुवात केली तेव्हा?" तेव्हाही चार हजारच. "आणि तेव्हा पगार किती होता?" एकतीस हजार.

तीन वर्षांत पगार नऊ हजारांनी वाढला आणि त्यातला एक रुपयाही बचतीकडे वळला नाही. हा मुलगा उधळ्या नाही. मन लावून अभ्यास करणारा आहे. फक्त त्याचा सगळा अभ्यास अशा जागी खर्च होतोय जिथे आज मिळण्यासारखं फार थोडं आहे. प्रत्येक फंडबदलामागे दोन टक्के जास्त मिळावेत ही धडपड होती. आजच्या त्याच्या रकमेवर दोन टक्के म्हणजे वर्षाला ३,६४० रुपये, महिन्याला तीनशेच्या आसपास. त्यासाठी त्याने दोनदा वर्षाच्या आत युनिटं विकली, लवकर विकल्याबद्दल फंड कापतो तो एक टक्का एक्झिट लोड भरला आणि अल्पमुदतीच्या नफ्यावर २० टक्के कराचा हिशोब माझ्याकडे घेऊन आला.

असे हिशोब मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी मला वाटतं की आपण तरुणांना उलटा धडा शिकवतोय. जाहिराती, ओळखीतले एजंट, रीलवरचे सल्लागार, वर्तमानपत्रांतल्या पुरवण्या, सगळे परताव्याबद्दल बोलतात. कुठला फंड, कुठला शेअर, सोनं की जमीन. बचतीचा दर, म्हणजे हातात आलेल्या शंभर रुपयांतले किती मागे राहतात, हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. माझं म्हणणं असं की संपत्ती उभी करायच्या पहिल्या दहा वर्षांत हाच प्रश्न मोठा आहे, आणि परताव्याचा प्रश्न त्याच्या बराच मागे येतो.

त्याच मुलाच्या पगारावर हिशोब मांडून बघू. आधीची शिल्लक बाजूला ठेवू आणि शून्यापासून सुरुवात करू. पगार ४०,०००, दरवर्षी ८ टक्के वाढ. दहाव्या वर्षी तो ८० हजारांच्या जवळ पोहोचतो. आता दोन मित्र आहेत असं धरा, दोघांचाही पगार हाच. पहिला दर महिन्याला पगाराच्या १० टक्के टाकतो, पगार वाढेल तशी रक्कम वाढवतो आणि परताव्याच्या मागे लागून खरोखरच दहा वर्षं १५ टक्के मिळवतो. दुसराही १० टक्क्यांनीच सुरुवात करतो, पण त्याने एक गोष्ट ठरवली आहे: दर पगारवाढीतला अर्धा भाग बचतीत. परताव्याकडे तो बघत नाही, त्याला ८ टक्केच मिळतात.

पहिल्या वर्षी दोघेही महिन्याला ४,००० टाकतात. दुसऱ्या वर्षी पगार ४३,२०० होतो. पहिला मित्र ४,३२० टाकतो. दुसऱ्याची वाढ ३,२०० रुपयांची, त्यातले १,६०० बचतीत गेले, म्हणजे ५,६००. पाचव्या वर्षी पहिला ५,४४० च्या आसपास आणि दुसरा ११,२०० च्या आसपास. दहाव्या वर्षी पहिला जवळपास ८,००० आणि दुसरा जवळपास २४,०००, म्हणजे पगाराच्या ३० टक्के.

दहा वर्षं संपली तेव्हा १५ टक्केवाल्याकडे साधारण साडेचौदा लाख जमले. ८ टक्केवाल्याकडे २१ लाख.

या हिशोबातली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, ती खर्चाची. दुसऱ्या मित्राने पोटाला चिमटा काढला का? पहिल्या वर्षी त्याचा खर्च महिन्याला ३६,००० होता, दहाव्या वर्षी जवळपास ५६,०००. म्हणजे त्याचा खर्चही दरवर्षी पाच टक्क्यांनी वाढत गेला. महागाई साधारण तेवढीच असेल तर त्याचं राहणीमान होतं तिथेच राहिलं, खाली गेलं नाही. त्याने आहे त्या सुखातलं काही सोडलं नाही, पगारवाढीतला खर्चाला जाणारा भाग फक्त अर्धा केला. हातात आलेलं परत देणं माणसाला जड जातं. अजून हातात न आलेलं बाजूला ठेवणं त्या मानाने सोपं असतं. सगळी युक्ती या फरकात आहे.

आता असं का होतं ते बघू. परतावा हा जमलेल्या रकमेवर मिळतो आणि पहिली काही वर्षं ती रक्कमच लहान असते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पहिल्या वर्षी दोघांनीही ४८,००० रुपये टाकले. १५ टक्क्यांनी वर्षाअखेर ५१,४४० झाले, ८ टक्क्यांनी ४९,८००. वर्षभर सात टक्के जास्त मिळवूनही फरक पडला १,६४० रुपयांचा. महिन्याला १४० रुपये जास्त टाकले असते तरी तो भरून निघाला असता. सात टक्के जादा परतावा सलग मिळवणं भल्याभल्यांना जमत नाही. महिन्याला १४० रुपये कुणालाही जमतात.

चक्रवाढीची जादू म्हणून जे सांगतात ते खोटं नाही, पण ती सुरू व्हायला वेळ लागतो. दरमहा ठरावीक रक्कम टाकत राहिलं आणि ८ टक्के मिळत गेले, तर एका वर्षात मिळालेलं व्याज त्या वर्षी आपण टाकलेल्या रकमेपेक्षा जास्त होण्याची वेळ दहाव्या वर्षी येते. १२ टक्के मिळाले तर सातव्या वर्षी. तोपर्यंत गाडी आपणच ढकलत असतो. दुसऱ्या मित्राचं तर दहाव्या वर्षीही व्याज दीड लाख आणि स्वतः टाकलेले पैसे २ लाख ८८ हजार.

बाजार पडण्याबद्दलही हेच. तिसऱ्या वर्षाअखेर दुसऱ्या मित्राकडे सव्वादोन लाख आहेत. ते सगळे शेअर बाजारात असते आणि बाजार ३० टक्क्यांनी पडला असता, तर ६७ हजार गेले असते, म्हणजे त्याची जेमतेम नऊ महिन्यांची बचत. आणि पुढचे हप्ते स्वस्तात युनिटं घेत राहिले असते. तीच पडझड दहाव्या वर्षी आली तर सव्वासहा लाखांवर जातात, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळाची बचत. सुरुवातीचा वाईट परतावा म्हणूनच फारसा नडत नाही आणि सुरुवातीचा चांगला परतावा फारसा तारत नाही. माझ्यासमोर बसलेल्या मुलाला आपले १५.८ टक्के मोठे वाटत होते. मला त्याची काळजी अशी वाटली की हा आकडा बघून तो पुढच्या वर्षी आणखी जास्त धोका पत्करेल.

कारण परताव्यामागे धावणं फंडापाशी थांबत नाही. फंडावरून शेअर, शेअरवरून ऑप्शन, म्हणजे भावाच्या पुढच्या चढउतारावरचे सौदे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के लोकांना तोटा झाला, सरासरी प्रत्येकी सुमारे दोन लाखांचा. दोन लाख म्हणजे आपल्या पहिल्या मित्राची तीन वर्षांची सगळी पुंजी. माझ्याकडे अशी विवरणपत्रं येतात. त्यातला तोटा मी पुढच्या वर्षांसाठी ओढून नेतो, नियमाने तो नेता येतो, पण ज्यातून तो वजा करायचा असा नफा पुढच्या वर्षीही क्वचितच येतो.

इथे मला दोन हरकती ऐकू येतात आणि दोन्ही रास्त आहेत.

पहिली अशी की ज्याचा महिनाच भागत नाही त्याने बचतीचा दर कुठून वाढवायचा? ठेकेदाराकडे सोळा-अठरा हजारांवर राबणारा, गावाकडे आईवडिलांना पैसे पाठवणारा, बहिणीच्या लग्नाचं कर्ज फेडणारा. त्याला "अर्धी वाढ बाजूला टाक" म्हणणं मला शोभणार नाही. पगार पाच टक्क्यांनी आणि घरभाडं, शाळा, दवाखाना दहा टक्क्यांनी वाढत असेल तर अर्धी वाढ वाचवणं म्हणजे खरोखरच पोट मारणं. अशा माणसासाठी पहिलं काम उत्पन्न वाढवण्याचं आहे: नवीन काम शिकणं, ठेकेदारीतून कायम होणं, ओव्हरटाईमचा खरा मोबदला मिळवणं. पण लक्षात घ्या, त्याच्यासाठीही परतावा हे उत्तर नाहीच. उलट महिन्याला पाचशे रुपये वाचवणाऱ्यालाच दामदुप्पट योजना जास्त ओढतात, आणि तिथे तो मुद्दलही घालवून बसतो.

दुसरी हरकत परताव्याच्या बाजूची. आठ टक्के तरी आणायचे कुठून? बँकेची मुदत ठेव सात टक्क्यांची धरली आणि माणूस ३० टक्क्यांच्या कराच्या टप्प्यात असला, तर हातात पाच टक्केही उरत नाहीत. महागाई धरली तर पैसा जागच्या जागी. हे खरं आहे, आणि म्हणूनच "कुठेही ठेवा, फक्त वाचवा" असं मी म्हणत नाही. पण आठ टक्क्यांसाठी रात्री जागावं लागत नाही. पगारदाराकडे पीएफ आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ या दोन्ही वर्षांसाठी त्यावर ८.२५ टक्के व्याज मिळालं. आपल्या मूळ वेतनातून कापल्या जाणाऱ्या १२ टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम त्यात स्वतःहून टाकता येते, त्याला व्हीपीएफ म्हणतात, आणि व्याज तेच मिळतं. स्वतःचं योगदान वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं की वरच्या रकमेच्या व्याजावर कर लागतो, त्यामुळे आपल्या दुसऱ्या मित्राला शेवटच्या काही वर्षांत थोडा भाग बाहेर वळवावा लागेल. लांबच्या पल्ल्याचा काही भाग बाजाराच्या निर्देशांकाबरोबर चालणाऱ्या साध्या इंडेक्स फंडात ठेवायलाही माझी ना नाही. एवढं एकदा ठरवलं की परताव्याचं काम जवळपास संपलं. ते वर्षातून एकदा बघण्याचं काम आहे, रोजचं नाही.

बचतीचा दर मात्र सांभाळावा लागतो, कारण तो नकळत गळतो. एसआयपी चालू असली म्हणजे बचत होतेच असं नाही. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याची एसआयपी महिन्याला दहा हजारांची, म्हणजे वर्षाला १ लाख २० हजार. दोघांना खात्री होती की आपण तेवढे वाचवतो. मी त्यांना दोन वर्षांच्या ३१ मार्चची बेरीज मांडायला सांगितली: फंड, ठेवी, पीएफ सोडून बाकीची खाती, सगळं एका बाजूला आणि त्यातून क्रेडिट कार्डाची थकबाकी व हप्त्यांची कर्जं वजा. आधीच्या वर्षी निघाले ३ लाख १० हजार, यंदा ३ लाख ९५ हजार. वाढ ८५ हजारांची, त्यातले २५ हजार व्याज आणि बाजाराची वाढ. म्हणजे स्वतःची बचत ६० हजार. उरलेले साठ हजार कुठे गेले? एक ठेव मोडून टीव्ही आणि फर्निचर आलं होतं, आणि कार्डावर वीसेक हजार थकले होते. एका खिशातून एसआयपी जात होती आणि दुसऱ्या खिशातून उसने येत होते. तेही महिन्याला तीन-साडेतीन टक्क्यांनी, वर्षाचे चाळीसच्या घरात. कुठल्याही फंडाने हे खड्डे भरले नसते. ही ३१ मार्चची बेरीज अर्ध्या तासाचं काम आहे आणि ती कुठल्याही ॲपवर दिसत नाही.

आणखी एक जागा जिथे गाडी अडते ती कागदाची. एसआयपी दरवर्षी आपोआप वाढवण्याची सोय बहुतेक फंडांत असते, तिला स्टेप-अप म्हणतात. पण बँकेला पैसे कापायची जी परवानगी आपण देतो, त्या मॅन्डेटवर कमाल रक्कम लिहिलेली असते. ती पाच हजारच लिहिली असेल तर सहा हजारांचा हप्ता परत जातो. माणूस वैतागून स्टेप-अप बंदच करतो. सुरुवातीलाच कमाल रक्कम वीस-पंचवीस हजार लिहून ठेवली की हा प्रश्न उरत नाही. कापले जातात ते ठरलेल्या हप्त्याएवढेच.

आता हा प्रश्न एकेकट्या माणसाच्या शिस्तीवर सोडायचा का? मला तसं वाटत नाही. पीएफसाठी १५,००० रुपयांची वेतनमर्यादा सप्टेंबर २०१४ मध्ये ठरली. पुष्कळ खासगी कंपन्या तेवढ्यावरच १२ टक्के कापतात, म्हणजे महिन्याला १,८००. हातात २० हजार येत होते तेव्हाही १,८०० आणि आज ६० हजार येतात तेव्हाही १,८००. आपोआप होणाऱ्या एकमेव बचतीचा दर असा पगार वाढेल तसा खाली जातो. तो वर जायला हवा.

वर नेता येतो हे दाखवून झालेलं आहे. अमेरिकेत रिचर्ड थेलर आणि श्लोमो बेनार्त्झी या अर्थशास्त्रज्ञांनी एका मध्यम आकाराच्या कारखान्यात कामगारांना एवढंच विचारलं: आज काही नको, पुढच्या पगारवाढीपासून तिचा काही भाग निवृत्तीच्या खात्यात वळवू का? ज्यांना विचारलं त्यांतल्या ७८ टक्के लोकांनी हो म्हटलं. चाळीस महिन्यांत त्यांचा बचतीचा दर साडेतीन टक्क्यांवरून १३.६ टक्क्यांवर गेला. २००४ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. त्यांना कुणी फंड निवडायला शिकवलं नव्हतं, प्रश्न फक्त योग्य वेळी विचारला होता.

आपल्याकडे व्हीपीएफचा आकडा बहुतेक ठिकाणी आर्थिक वर्षाच्या सुरुवातीला विचारतात आणि पगारवाढीचं पत्र पुढे कधीतरी येतं, तोवर त्या वाढीचा मोबाईल हप्त्यावर घेऊन झालेला असतो. पगारवाढीच्या पत्रासोबतच एक ओळ छापावी: "या वाढीतली किती रक्कम भविष्य निर्वाह निधीत वळवायची?" पुढे रिकामी चौकट. नको असेल त्याने शून्य लिहावं. याला कायदा लागत नाही, कंपनीच्या वेतन विभागाने मनावर घेतलं की पुरे. कामगार संघटना वेतनकराराच्या वेळी हे मागू शकतात. सातपूर-अंबडमध्ये तीन-तीन वर्षांचे करार होतात, आणि फरकाची रक्कम एकदम हातात येते तो महिना तर यासाठी सगळ्यात योग्य.

दहा वर्षांनंतर चित्र बदलतं हेही सांगायला हवं. रक्कम वीस लाखांच्या वर गेली की एक टक्का म्हणजे वर्षाला वीस हजारांहून जास्त, आणि कोटीवर गेली की एक लाख. तेव्हा फंडाचा खर्च, कराची आखणी, शेअर आणि रोख्यांचं प्रमाण हे सगळं बारकाईने बघण्यासारखं होतं. तोवर ज्याने खर्च सावकाश वाढवला त्याच्या हाती आणखी एक गोष्ट आलेली असते. दहाव्या वर्षी पहिल्या मित्राचा महिन्याचा खर्च ७२ हजारांचा झालेला आहे, त्यामुळे नोकरी गेली तर त्याचे साडेचौदा लाख वीस महिने पुरतील. दुसऱ्याचे २१ लाख ५६ हजारांच्या खर्चाला तीन वर्षांहून जास्त पुरतील. अंबडमध्ये एखादं युनिट बंद पडतं तेव्हा वीस महिने आणि सदतीस महिने यांतला फरक किती असतो, ते ज्यांच्या घरात तसं झालं आहे त्यांना सांगावं लागत नाही.

त्या मुलाचं विवरणपत्र भरून झालं तेव्हा त्याने पगारवाढीचं पत्र काढलं. ऑगस्टपासून ३,२०० रुपये वाढणार होते. त्यातले १,६०० कुठे टाकायचे हे ठरवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. मॅन्डेटवर कमाल रक्कम त्याने पंचवीस हजार लिहिली.